चुकीचे उत्तर कोठून आणावे?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. विज्ञानाच्या पुस्तकातील चंद्रावरचा धडा मी वर्गात नुकताच शिकवून संपविला होता आणि त्यावर वीस बहुपर्यायी प्रश्नांची एक चाचणी घ्यावयाची होती. एका संध्याकाळी पुस्तक पुढ्यात घेऊन मी बसलो आणि जेवणाची पाने मांडली जाण्यापूर्वीच वीसही प्रश्न काढून मोकळा झालो. त्यांतला एक प्रश्न असा होता: ‘चंद्राला पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास सुमारे किती दिवस लागतात?’ खाली चार पर्याय होते: ७, १५, २७ आणि २९½. उत्तरपत्रिकेत मी साडेएकोणतीसवर खूण केली होती.

तपासलेले कागद मुलांच्या हाती गेल्यावर एक मुलगी माझ्या मेजापाशी आली. तिने २७ लिहिले होते व मी त्यावर फुली मारली होती. ती म्हणाली, “सर, आमचे आजोबा पंचांग पाहतात. ते म्हणतात, चंद्र रोज साधारण एक नक्षत्र पुढे जातो. नक्षत्रे सत्तावीस आहेत. मग त्याची फेरी सत्तावीस दिवसांतच पुरी व्हायला हवी ना?” मी तिला पुस्तकातले पान दाखविले, साडेएकोणतीस हा आकडा दाखविला आणि जागेवर बसावयास सांगितले. ती बसली, पण तिचे समाधान झालेले नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझेही नव्हते.

रात्री मी धडा पुन्हा वाचला. पुस्तकात लिहिले होते, ते एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतच्या काळाविषयी. तो काळ सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा, हे अगदी बरोबर. ‘प्रदक्षिणा’ हा शब्द मात्र माझा होता. ताऱ्यांच्या संदर्भात पाहिले, तर चंद्राची पृथ्वीभोवतीची फेरी सव्वासत्तावीस दिवसांहून थोड्या अधिक काळात पुरी होते. परंतु तेवढ्या अवधीत पृथ्वी स्वतः सूर्याभोवतीच्या वाटेवर सुमारे सत्तावीस अंश पुढे गेलेली असते. सूर्याच्या रेषेत पुन्हा येण्यासाठी चंद्राला आणखी दोनएक दिवस चालावे लागते, आणि म्हणून अमावास्या साडेएकोणतीस दिवसांनी येते. मुलीचे आजोबा बरोबर होते. मुलगीही बरोबर होती. चूक परीक्षकाची होती.

दुसऱ्या दिवशी ज्यांनी २७ लिहिले होते त्या सर्वांना मी वर्गासमक्ष गुण परत दिले. पण मनाला लागून राहिले ते निराळेच. हा २७ चा पर्याय मी मोठ्या हौसेने घातला होता. नक्षत्रांची संख्या मुलांच्या डोक्यात असते, ती येथे फसतील, असा माझा हिशेब होता. त्याच वेळी त्या पर्यायाखाली ‘२७ हे उत्तर चूक का?’ एवढे एक वाक्य लिहावयास मी बसलो असतो, तर माझी लेखणी तेथेच अडली असती. ती अडली असती, म्हणजे प्रश्न मुलांपुढे जाण्याआधीच सुधारला गेला असता. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. प्रत्येक प्रश्नाखाली, बरोबर पर्यायाचे आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाचे कारण एकेक वाक्यात लिहिल्याखेरीज तो प्रश्न चाचणीत घालावयाचा नाही.

आता हे काम प्रत्यक्षात कसे करावे, ते याच धड्याच्या आधारे सांगतो.

प्रश्न काढताना आपण बहुधा पुस्तकातील एखादे वाक्य उचलतो, त्यातला एक शब्द गाळतो, आणि त्या जागी चार शब्द ठेवतो. यात वाक्याची परीक्षा होते, समजुतीची होत नाही. म्हणून मी प्रथम पुस्तक मिटतो, आणि धडा शिकल्यावर मुलाला काय कळले असले पाहिजे, ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढतो. चंद्राच्या धड्यात अशा चार गोष्टी निघाल्या. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. सूर्यामुळे चंद्रगोलाचा अर्धा भाग नेहमी उजळलेला असतो. त्या उजळ अर्ध्यापैकी कमी-अधिक भाग आपल्याला दिसतो, त्यालाच आपण कला म्हणतो. आणि ग्रहण ही सावलीची गोष्ट आहे, कलांची नव्हे. एवढ्या चार गोष्टींवर सात-आठ चांगले प्रश्न होतात. वीसच पाहिजेत असा हट्ट धरला, की उरलेले बारा नुसते भरतीचे होतात.

यानंतर चुकीचे पर्याय. हे पर्याय मेजाशी बसून डोक्यातून काढू नयेत, कारण शिक्षकाला उत्तर ठाऊक असते आणि त्यामुळे न कळणाऱ्याचे मन कसे चालते, हे त्याला दिसत नाही. ते मुलांकडूनच घ्यावेत. मी पर्याय न देताच वर्गाला प्रश्न विचारला: ‘शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी चंद्राचा अर्धाच भाग उजळलेला दिसतो. उरलेला अर्धा काळोखात का असतो? दोन ओळींत लिहा.’ चिठ्ठ्या गोळा केल्या आणि सारख्या अर्थाच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावले. सर्वांत मोठा गठ्ठा ‘पृथ्वीची सावली पडते’ असे लिहिणाऱ्यांचा झाला. काहींनी लिहिले होते, की चंद्राला एक अंधारी बाजू असते आणि तिच्यावर ऊन पडत नाही. काहींचे म्हणणे, सूर्य मावळल्यामुळे चंद्राला प्रकाश कमी पडतो. दोघा-तिघांनी ढगांचे नाव घेतले होते.

सावलीची ही समजूत आपल्याच मुलांची आहे असे समजू नका. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात तेथील पदवीधर, अध्यापक व माजी विद्यार्थी अशा २३ जणांना ऋतू किंवा चंद्रकला यांचे कारण विचारण्यात आले, आणि त्यांतील २१ जणांच्या बोलण्यात चुकीची समजूत आढळली. १९८७ साली त्यावर एक बोलपट निघाला. त्या कामातील फिलिप सॅडलर यांनी पुढे अशा प्रचलित गैरसमजुतींनाच पर्याय करून प्रश्नपत्रिका तयार केल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे दिसले, की आपले विद्यार्थी कोणता चुकीचा पर्याय निवडतील हे ज्या शिक्षकांना आधी सांगता आले, त्यांच्या वर्गांची त्या विषयात अधिक प्रगती झाली. चूक नेमकी कोणती हे ओळखणे, हाच शिकविण्याचा एक भाग आहे, असा त्याचा अर्थ होतो.

तर चिठ्ठ्यांवरून माझा प्रश्न असा तयार झाला. शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी चंद्राचा अर्धा भाग काळोखात का दिसतो? अ: पृथ्वीची सावली त्या भागावर पडते. आ: तो भाग सूर्याच्या विरुद्ध दिशेला वळलेला असतो. इ: ती चंद्राची अंधारी बाजू असून तिच्यावर ऊन पडत नाही. ई: सूर्य मावळल्यामुळे चंद्राला प्रकाश कमी मिळतो. ढगांचा पर्याय मी वगळला. शिकविल्यानंतर तो कोणी निवडणार नाही, हे उघड होते.

आता प्रत्येकाखाली कारण. बरोबर पर्याय ‘आ’ याचे कारण असे: गोलाची सूर्याकडील बाजू उजळते आणि पलीकडील बाजू काळोखात राहते, अष्टमीला आपण त्या गोलाकडे बाजूने पाहतो, म्हणून निम्मे उजळ आणि निम्मे काळे दिसते. ‘अ’ चूक का? मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. तुमची सावली पाठीमागे, पूर्वेकडे पडते. पृथ्वीची सावलीही तिकडेच पडते. अष्टमीचा चंद्र त्या वेळी जवळजवळ डोक्यावर असतो. सावली तेथे पोहोचेल कशी? ती चंद्रावर पडते फक्त चंद्रग्रहणात, आणि ते पौर्णिमेलाच होते. ‘इ’ चूक का? अष्टमीला काळा दिसणारा तोच भाग आठवड्याभराने, पौर्णिमेला लख्ख उजळलेला दिसतो. म्हणजे त्यावर ऊन पडते. या मुलाच्या मनात एक अर्धसत्य आहे, ते असे की चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते. ती आपल्याकडे असते, सूर्याकडे नव्हे, एवढे त्याला सांगावयाचे. ‘ई’ चूक का? सूर्य मावळतो तो आपल्या गावापुरता. अष्टमीला दुपार उलटल्यावर पूर्वेकडे पाहावे. सूर्य आकाशात असतानाच चंद्र वर आलेला असतो, आणि तेव्हाही तो अर्धाच असतो.

श्रोत्यांच्या लक्षात आले असेल, की ही कारणे ‘पुस्तकात असे दिले आहे’ या वळणाची नाहीत. प्रत्येक कारण दोन गोष्टी सांगते: हे मूल येथे का आले असेल, आणि ती समजूत कोणत्या साध्या निरीक्षणाने मोडते. यातली पहिली गोष्ट लिहिता आली नाही, तर तो पर्याय कोणी निवडणार नाही, असे समजावे. दुसरी लिहिता आली नाही, तर तो पर्याय कदाचित बरोबरच असेल. माझा २७ चा आकडा तसा होता.

पर्याय ठरले, तरी त्यांची भाषा तपासावी लागते. कारण हुशार मूल विषय न वाचताही भाषेवरून उत्तर काढते. आपल्या मराठीत यास एक खास वाव आहे, तो म्हणजे लिंगाचा. मी एकदा लिहिले होते: ‘चंद्रग्रहणाच्या वेळी सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये आलेली गोष्ट कोणती?’ ते लांब वाटले म्हणून मी शब्द गाळून रिकामी जागा केली: ‘सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये आलेली … असते.’ पर्याय बुध, शुक्र, मंगळ आणि पृथ्वी. ‘आलेली’ या एका शब्दाने उत्तर सांगून टाकले, कारण चौघांत स्त्रीलिंगी पृथ्वी एकटीच. ‘यांच्यामध्ये कोण येते?’ एवढे विचारले असते, तरी काम झाले असते. दुसरा दोष लांबीचा. आपले उत्तर निर्दोष असावे म्हणून शिक्षक त्याला शब्द जोडत जातो, आणि बरोबर पर्याय सर्वांत लांब होतो. माझ्या वर्गातील एका मुलाने मला सरळच सांगितले होते, की काही सुचले नाही की तो लांबलचक ओळीवर खूण करतो, आणि बहुतेक वेळा ती बरोबर निघते! तिसरा दोष ‘कधीच’ आणि ‘नेहमी’ या शब्दांचा. असे ठाम शब्द बहुधा चुकीच्या पर्यायांतच येतात आणि मुले ते हेरतात. वरच्या ‘इ’ पर्यायात मी प्रथम ‘कधीच ऊन पडत नाही’ असे लिहिले होते. नंतर ‘कधीच’ काढून टाकले.

याहून सूक्ष्म असा एक दोष आहे, आणि तो माझ्या ध्यानात आला तो माझ्या घरच्या अनुभवामुळे. पुस्तकातले वाक्य पाठ असून भागणार नाही, विचार करावा लागेल, असा एक प्रश्न मी केला होता: ‘पुढीलपैकी कोणत्या दिवशी सूर्यग्रहण होणे शक्य आहे?’ पर्याय होते नारळी पौर्णिमा, गणेश चतुर्थी, लक्ष्मीपूजन आणि ईस्टरचा रविवार. चंद्रग्रहण आणि सूर्यग्रहण यांची गल्लत करणारा मुलगा नारळी पौर्णिमेकडे जाईल. चतुर्थीला चंद्र पाहू नये हे ऐकलेला मुलगा गणेश चतुर्थीकडे. उत्तर लक्ष्मीपूजन, कारण ती अमावास्या. २०२२ साली २५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, आपल्या देशातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसलेही होते.

प्रश्न चांगला वाटला. पण मी ख्रिस्ती घरात वाढलो. लक्ष्मीपूजनाला शेजारच्या घरी लाडू खाल्ले. परंतु त्या दिवसाची तिथी कोणती, हे मला बरेच मोठे होईपर्यंत ठाऊक नव्हते. उलट, ईस्टर हा पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, हे माझ्या वर्गातील बहुसंख्य मुलांना माहीत असण्याचे कारण नाही. म्हणजे हा प्रश्न विज्ञान तपासत नव्हता. मूल कोणत्या घरून आले, ते तपासत होता. सणांपुढे मी तिथी लिहिल्या: नारळी पौर्णिमा, श्रावण पौर्णिमा, गणेश चतुर्थी, भाद्रपद शुद्ध चतुर्थी, लक्ष्मीपूजन, आश्विन अमावास्या, ईस्टर, पौर्णिमेनंतर आठवड्याच्या आतला रविवार. आता सर्व मुले एका रेषेवर आली, आणि विचार करावयाचा तो ग्रहणाचाच उरला.

चाचणी झाल्यावर काम संपत नाही. गुण मांडून झाले की कागद एकूण गुणांच्या क्रमाने लावावेत. समजा, वर्गात ४० मुले आहेत. वरचे १० कागद आणि खालचे १० कागद बाजूला घ्यावेत, आणि प्रत्येक प्रश्नात या दोन्ही गटांनी कोणता पर्याय किती वेळा निवडला, ते मोजावे. अष्टमीच्या प्रश्नात वरच्या दहांपैकी ८ जणांनी ‘आ’ लिहिले, खालच्या दहांपैकी ३ जणांनी लिहिले, आणि खालच्या गटातले ५ जण सावलीकडे गेले, तर प्रश्न ठीक आहे, आणि उद्या वर्गात सावलीवरच बोलावयाचे, हेही कळले. एखादा पर्याय कोणीच निवडला नाही, तर तो कागदावर असून नसल्यासारखा आहे. असे दोन पर्याय असले, म्हणजे चारांचा प्रश्न दोनांचा झाला, आणि नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चारांत एक होती, ती दोनांत एक झाली. अशा वेळी चौथा पर्याय ओढूनताणून आणण्यापेक्षा तीनच ठेवावेत. मायकेल रॉड्रिग्ज या अभ्यासकाने ऐंशी वर्षांतील संशोधन एकत्र करून २००५ साली हाच निष्कर्ष मांडला, की तीन चांगले पर्याय बहुधा पुरेसे होतात.

आणि वरच्या गटातील मुले जर मोठ्या संख्येने एका ‘चुकीच्या’ पर्यायाकडे गेली असतील, तर मुलांवर रागावण्यापूर्वी उत्तरपत्रिका उघडावी. त्या चंद्राच्या चाचणीचे कागद मी नंतर असेच लावून पाहिले. वरच्या दहांपैकी निम्म्यांनी २७ लिहिले होते. मी त्यांच्यावर फुल्या मारीत गेलो, आणि त्या फुल्या काय सांगत होत्या, हे मला त्या मुलीने विचारीपर्यंत दिसले नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. एका प्रश्नाला मला अर्धा तास लागतो; म्हणून एका धड्यावर आठांहून अधिक प्रश्न मी करीत नाही, आणि कारणांसह ते एका वहीत उतरवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी दुरुस्त करून वापरता येतात. शिवाय, ज्याला कारण स्वतःच्या वाक्यांत मांडता येते की नाही हेच पाहावयाचे आहे, त्याला दोन ओळींची चिठ्ठीच द्यावी लागते. खूण करण्याने ते कळत नाही. चाचणीनंतर मात्र मी प्रश्नांबरोबर ती कारणेही मुलांच्या हाती देतो. आपले उत्तर का चुकले, हे ज्याचे त्याने वाचावे, आणि पटले नाही तर विचारावयास यावे.

प्रदक्षिणेचा तो प्रश्न त्या वहीत आता दोन प्रश्नांचा झाला आहे. एकात विचारले आहे, की चंद्र त्याच नक्षत्रात पुन्हा किती दिवसांनी येतो. दुसऱ्यात, अमावास्येनंतर पुढची अमावास्या किती दिवसांनी येते. दोहोंच्या पर्यायांत २७ आणि २९½ हे दोन्ही आकडे आहेत, आणि दोहोंखाली कारणे लिहिलेली आहेत. पहिल्या प्रश्नाखालचे कारण, थोड्याफार फरकाने, त्या मुलीने मेजापाशी उभे राहून सांगितले होते तेच आहे.